जुगाराच्या समस्येवर मदत: हेल्पलाइनचा फोन आणि समुपदेशनाची पहिली भेट

जुगाराच्या समस्येसाठी मदत मागणारा माणूस बहुधा उशिरा येतो. दारूचा वास येतो आणि गांजा डोळ्यांत दिसतो, पण मोबाइलवर रमी खेळणारा किंवा बुकीच्या आयडीवर क्रिकेटचा सट्टा लावणारा माणूस शेजारी बसूनही ओळखू येत नाही. घरच्यांना कळते ते हप्ता चुकल्यावर, दागिना जागेवर नसल्यावर किंवा वसुलीवाल्याचा फोन आल्यावर. त्यामुळे मदतीचा पहिला संवाद, मग तो फोनवरचा असो की खोलीतला, बहुतेक वेळा आर्थिक धक्क्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. या संवादाची मांडणी त्या परिस्थितीला धरूनच केलेली असते. आधी जीव सुरक्षित आहे का हे पाहायचे, मग नुकसान किती झाले ते मोजायचे, आणि पुढचे काही दिवस पैसा व मोबाइल यांच्यामध्ये थोडे अंतर पाडायचे. व्यसन का लागले, याचा खोल शोध नंतरच्या भेटींत घेतला जातो.

ब्रिटनमध्ये खास जुगारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि गॅमकेअर ही संस्था ती अनेक वर्षे चालवत आली आहे. तिथे राहणाऱ्या मराठी माणसालाही ती खुली आहे. भारतात हे काम मुख्यतः मानसिक आरोग्याच्या सर्वसाधारण हेल्पलाइनकडे येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही त्यांतली सर्वांत मोठी. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिची मध्यवर्ती जबाबदारी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेकडे आहे, आणि १४४१६ किंवा १-८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर ती चोवीस तास मोफत चालते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून आहे.

टेली-मानसला फोन लावला की आधी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येतात आणि भाषा निवडावी लागते. मराठी निवडता येते. फोन राज्याच्या केंद्रातल्या प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो. हा पहिला स्तर. प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा असेल, म्हणजे आत्महत्येचा धोका, गंभीर नैराश्य, औषधांची गरज किंवा दारू सोडल्यावर येणारा कंप असे काही असेल, तर तो दुसऱ्या स्तरावरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे सोपवला जातो, किंवा जवळच्या रुग्णालयात प्रत्यक्ष जायला सांगितले जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग या साखळीत येतात. पहिला फोन उचलणारी व्यक्ती डॉक्टर नसते, हे माहीत असलेले बरे. औषध विचारण्यासाठी फोन करणाऱ्याची तिथे निराशा होते, आणि ती निराशा टाळता येण्यासारखी असते.

फोनवर पहिले प्रश्न जुगाराचे नसतात. तुम्ही आत्ता कुठे आहात, सोबत कोणी आहे का, बोलायला मोकळीक आहे का, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आहे का, अशी सुरुवात होते. जुगारात हा क्रम महत्त्वाचा असतो. मोठी रक्कम हरल्यानंतरचे किंवा घरी उघड झाल्यानंतरचे काही तास सर्वांत धोक्याचे मानले जातात. प्रश्न थेट विचारला म्हणून विचार बळावत नाही. उलट ज्याने तो कोणालाच सांगितलेला नसतो, त्याला पहिल्यांदा सांगायची जागा मिळते. धोका तातडीचा दिसला तर समुपदेशक फोन चालू ठेवून घरातल्या कोणाला तरी जवळ बोलवायला सांगतो आणि ११२ किंवा रुग्णालयाकडे वळवतो. तसे नसेल तर आज नेमके काय घडले याकडे संभाषण येते: किती गेले, पैसा कोणाचा होता, उद्या सकाळी कोणती देणी उभी आहेत.

चांगल्या फोनच्या शेवटी हातात एखादी छोटी, करता येण्याजोगी गोष्ट असते. आज रात्री फोन भावाकडे ठेवायचा, किंवा उद्या दहा वाजता जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढायचा. ‘सकारात्मक राहा’ एवढ्यावरच संभाषण संपले तर काम अपुरे राहिले, असे समजून पुन्हा फोन करावा आणि जुगारासाठी जवळ कुठे उपचार मिळतील, हे स्पष्ट विचारावे. पहिल्या स्तरावरच्या प्रत्येकाला जुगाराचा सारखा अनुभव असतो असे नाही. नैराश्याचे आणि परीक्षेच्या ताणाचे फोन त्यांच्याकडे जास्त येतात, म्हणून फोन करणाऱ्याने ‘झोप लागत नाही’ एवढेच न सांगता ‘मी पैसे लावून खेळतो, थांबता येत नाही’ हे वाक्य आधीच उच्चारलेले चांगले.

फोन घरच्यांनीही केलेला चालतो, आणि बऱ्याचदा बायको, आई किंवा भाऊच तो करतात. अशा वेळी समुपदेशक जुगार खेळणाऱ्याला परस्पर फोन करून समजावत नाही. फोन करणाऱ्याच्याच प्रश्नावर काम होते: घरखर्चाचा पैसा वेगळा कसा ठेवायचा, एटीएम कार्ड आणि पिन कोणाकडे असावेत, कोणत्या कागदावर सही करू नये, मारहाण होत असेल तर कुठे जायचे. हेल्पलाइन कर्ज फेडू शकत नाही, हरलेली रक्कम परत मिळवून देऊ शकत नाही, वसुलीवाल्याशी बोलू शकत नाही आणि एखादे खाते बंदही करू शकत नाही. ब्रिटनमधल्या गॅमस्टॉपसारखी किंवा ऑस्ट्रेलियातल्या बेटस्टॉपसारखी, एकदा नाव नोंदवले की परवानाधारक जुगार-संकेतस्थळे दार बंद करतील अशी राष्ट्रीय नोंदवही भारतात नाही. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. नावाजलेल्या रमी आणि फँटसी अ‍ॅपांनी पैशांचे खेळ थांबवले. परदेशी संकेतस्थळे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आयडी देणारे बुकी मात्र त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. मदत मागायला येणाऱ्याला इथे एक भीती असते: आपणच पोलिसांत अडकू. या कायद्यातल्या शिक्षा खेळ चालवणाऱ्यांसाठी, जाहिरात करणाऱ्यांसाठी आणि पैशाचे व्यवहार हाताळणाऱ्यांसाठी आहेत. खेळणाऱ्यासाठी नाहीत.

प्रत्यक्ष भेट जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात, खासगी दवाखान्यात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात होते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले पुण्याचे मुक्तांगण हे महाराष्ट्रातले सर्वांत परिचित केंद्र. निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठीचा वेगळा दवाखाना २०१४ पासून आहे. पहिली भेट साधारण पाऊण ते सव्वा तास चालते. सरकारी बाह्यरुग्ण विभागात गर्दीमुळे इतका वेळ मिळतोच असे नाही, तिथे हीच भेट दोन-तीन तुकड्यांत होते. जाताना गेल्या सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, चालू कर्जांची यादी आणि नेहमी घेत असलेल्या औषधांची नावे नेली तर बराच वेळ वाचतो.

सुरुवात गुप्ततेपासून होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. बायकोला, मालकाला किंवा पोलिसांना ती परस्पर सांगितली जात नाही. मुख्य अपवाद जिवाच्या धोक्याचा, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. समुपदेशकाने हा अपवादही सुरुवातीलाच सांगायला हवा. त्यानंतरचा पहिला मोठा प्रश्न ‘कधीपासून खेळता’ असा नसून ‘आजच का आलात’ असा असतो. स्वतःहून आलेला, बायकोने आणलेला आणि वडिलांनी ‘एकदा जाऊन ये’ म्हणून पाठवलेला, या तिघांशी पुढचे बोलणे सारखे होऊ शकत नाही. आणलेल्या माणसाकडून पहिल्याच दिवशी ‘आता खेळणार नाही’ अशी शपथ घेतली जाते, तेव्हा खरे तर भेट वाया जाते. शपथ त्याने घरी अनेकदा घेतलेली असते.

ही भेट प्रत्यक्षात कशी पुढे जाते हे एका नमुन्यावरून पाहता येईल. पात्र कल्पित आहे आणि आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. नाशिकच्या एका कारखान्यातला बत्तीस वर्षांचा सुपरवायझर, पगार ३८,००० रुपये. दोन वर्षांपूर्वी रमीच्या अ‍ॅपवर पहिल्याच आठवड्यात त्याने १४,००० रुपये जिंकले. अ‍ॅप बंद झाल्यावर मित्राने एका बुकीचा आयडी दिला आणि तो क्रिकेटच्या प्रत्येक षटकावर पैसे लावू लागला. लोन अ‍ॅपचा हप्ता बाउन्स झाला आणि बायकोला बांगड्या कपाटात दिसल्या नाहीत. म्हणून दोघे आले.

समुपदेशक आधी त्याच्याशी एकट्याशी बोलतो. किती गेले असतील, या प्रश्नावर तो ‘लाख-सव्वा लाख’ म्हणतो. मग दोघे मिळून स्टेटमेंट पाहतात. सहा महिन्यांत वेगवेगळ्या नावांच्या यूपीआय खात्यांवर ६,६५,००० रुपये गेलेले आहेत आणि ३,५५,००० परत आलेले आहेत. निव्वळ तोटा ३,१०,०००. तो खोटे बोलत नव्हता. पाचशे-पाचशेचे डिपॉझिट लक्षात राहत नाहीत, मोठा विजय लक्षात राहतो, आणि जिंकलेली रक्कम त्याच रात्री पुन्हा लावली की ती आपली गेली असे वाटतच नाही. म्हणून जाणकार समुपदेशक तोंडी आकड्यावर थांबत नाही. पैशाबद्दल एकही नेमका प्रश्न न विचारता संपलेली पहिली भेट जुगाराच्या बाबतीत अपुरी समजावी.

पुढे शेवटचा डाव तपशिलात घेतला जातो. तो कधी लावला, त्याआधीच्या तासात काय चालले होते, हातात किती होते, थांबायचे किती वाजता ठरवले होते आणि प्रत्यक्षात किती वाजता थांबला. या माणसाचा शेवटचा डाव परवा रात्री झालेला असतो. दुसऱ्या पाळीहून घरी आल्यावर सगळे झोपलेले असताना तो ‘आधीचे कव्हर करायला’ बसला आणि पहाटे चारला पैसे संपले म्हणून थांबला. ‘कव्हर करायचे’ हा शब्द समुपदेशक टिपून ठेवतो. गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे हे या आजाराचे ठळक लक्षण आहे, आणि वेळ, एकटेपणा, हातातला पगार यांची त्याच्याशी पडलेली गाठ पुढच्या उपचारात हीच माहिती सोडवते.

मग एखादी प्रश्नावली भरून घेतली जाते. कॅनडात २००१ मध्ये तयार झालेली, जुगाराची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. परवडत नसताना पैसे लावले का, तीच मजा यावी म्हणून रक्कम वाढवावी लागली का, हरलेले परत मिळवायला पुन्हा गेलात का, उसने घेतले किंवा काही विकले का, असे गेल्या बारा महिन्यांबद्दलचे हे प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आठ किंवा त्याहून जास्त आले तर समस्या गंभीर धरतात. नमुन्यातल्या माणसाला १८ येतात. कव्हर करणे आणि उसने घेणे यांना त्याने तीन-तीन गुण दिले आहेत. ‘लोकांनी तुमच्या खेळण्यावर टीका केली का’ याला मात्र एकच, कारण आजवर कोणाला माहीतच नव्हते. लपवलेल्या जुगारात गुण असे खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतात. शिवाय ही चाळणी आहे, निदान नाही. निदान डॉक्टर करतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार नऊपैकी किमान चार लक्षणे वर्षभरात दिसावी लागतात. त्याच आवृत्तीत जुगाराला व्यसनांच्या गटात घेतले गेले. आधी तो आवेग आवरता न येण्याच्या विकारांत गणला जाई.

यानंतरचे काही प्रश्न येणाऱ्याला विषयांतर वाटतात, पण सर्वांत उपयोगी माहिती अनेकदा तिथेच मिळते. दारू किती घेता, झोप कशी आहे, घरात कोणाला मानसिक आजार आहे का, मध्येच काही दिवस झोपेची गरजच न वाटता प्रचंड उत्साह आणि बेफाम खर्च असे होते का. हा शेवटचा प्रश्न उन्मादाच्या झटक्यासाठी असतो. त्या झटक्यातला जुगार वेगळा आणि त्यावरचा उपचारही वेगळा. औषधांचाही प्रश्न येतो. कंपवातासाठी दिली जाणारी प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, तसेच काही मानसिक आजारांत वापरले जाणारे अ‍ॅरिपिप्राझोल, यांनी काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते. साठी ओलांडलेले, आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेले गृहस्थ अचानक लॉटरी किंवा सट्ट्यात बुडाले तर आधी औषधांची चिठ्ठी पाहायला हवी. औषध स्वतःहून बंद करायचे नसते, देणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवायचे असते. स्वभावदोष समजून वर्षानुवर्षे सोसले गेलेले नुकसान अशा रुग्णांत औषध बदलल्यावर थांबू शकते, म्हणून हा एक प्रश्न कधीही वगळू नये.

जीव देण्याचा विचार येतो का, हे इथेही विचारले जाते. विचार नुसता आहे, की पद्धत आणि वेळही ठरली आहे, हे वेगळे काढले जाते. शेती असलेल्या घरात कीटकनाशकाचा डबा कुठे आहे, याची चौकशी होते आणि तो हलवला जातो.

आता बायकोला आत बोलावले जाते, तेही त्याच्या संमतीने. काय सांगायचे आणि कोणी सांगायचे, हे आधी समुपदेशक आणि त्याच्यात ठरलेले असते. कर्जाची यादी कागदावर मांडली जाते: लोन अ‍ॅप ४५,०००, क्रेडिट कार्ड ८०,०००, मेहुण्याकडून ६०,०००, सोनेतारण १,००,०००. एकूण २,८५,०००. इथे घरचे बहुधा एकच वाक्य बोलतात: एकदा सगळे फेडून टाकू आणि मोकळे होऊ. सासऱ्यांनी मुदत ठेव मोडायची तयारीही दाखवलेली असते. हा प्रेमाचा निर्णय असतो, आणि नेमका तोच बऱ्याच घरांना दुसऱ्यांदा बुडवतो. कर्ज एका फटक्यात मिटले की क्रेडिट कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते, लोन अ‍ॅप आणखी मोठी रक्कम देऊ करते आणि हरण्याचा परिणाम खेळणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून समुपदेशक सावकाश फेडीचा आराखडा सुचवतो. पगार बायकोच्या नावाच्या किंवा संयुक्त खात्यात जमा होईल. ३८,००० पैकी घरखर्च २२,०००, हप्ते ११,५००, उरलेले ४,५०० अडीअडचणीला. आधी सर्वांत जड व्याजाचे लोन अ‍ॅप, मेहुण्याशी मुदतीचे स्पष्ट बोलणे. बँका, वित्त कंपन्या आणि त्यांचे वसुली प्रतिनिधी यांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परवाना नसलेले लोन अ‍ॅप तो पाळत नाही. फोटो बिघडवून धमकावले जात असेल तर सायबर पोलिसांत तक्रार करायची.

मोबाइलचे काम त्याच बैठकीत होते, कारण घरी गेल्यावर ते राहून जाते. बुकीचा नंबर ब्लॉक करून गट सोडला जातो, यूपीआयची रोजची मर्यादा कमी केली जाते, आणि बेटब्लॉकरसारखे जुगाराची संकेतस्थळे अडवणारे मोफत अ‍ॅप टाकले जाते. अशी अ‍ॅपे व्हॉट्सअ‍ॅपवरचा बुकी अडवू शकत नाहीत. म्हणून या माणसाच्या बाबतीत खरा आधार खात्यावरचा ताबा हाच आहे. हा ताबा काही महिन्यांपुरता, दोघांनी मान्य केलेला आणि लिहून ठेवलेला असावा. रोज मोबाइल हिसकावून तपासणे यात बसत नाही. त्याने भांडण वाढते आणि लपवणे अधिक सफाईदार होते.

पहिल्या काही दिवसांत चिडचिड, बेचैनी आणि झोप उडणे अपेक्षित असते, आणि सामन्याच्या संध्याकाळी ओढ तीव्र होते, हे दोघांनाही आधी सांगितले जाते. एखाद्या वेळी पुन्हा खेळले गेले तर चोवीस तासांच्या आत कोणाला सांगायचे, तेही ठरते. जुगारासाठी खास असे हमखास औषध नाही. काही रुग्णांत ओढ कमी करण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ नॅल्ट्रेक्झोन वापरतात, आणि सोबत नैराश्य असेल तर त्यावर वेगळे उपचार होतात. मुख्य उपचार म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारे समुपदेशन. ते साधारण आठ ते बारा भेटींचे असते. ‘सलग पाचदा हरलो, आता सहाव्यांदा येणारच’ यासारखे समज त्यात एकेक करून तपासले जातात.

दुसरी भेट शक्यतो आठवड्याच्या आत आणि पगाराच्या तारखेच्या आधी ठेवतात. तोपर्यंत करायचे काम छोटे असते. एका वहीत रोज ओढ कधी आली, किती वेळ टिकली, त्या वेळी खिशात किंवा खात्यात किती पैसे होते आणि काय केले, एवढे लिहायचे. नाशिकच्या नमुन्यात दुसऱ्या भेटीची तारीख महिन्याची २९ ठरते, कारण पगार एक तारखेला होतो. दुसरी पाळी असलेल्या दिवशी रात्री घरी आल्यावर फोन बायकोच्या उशाशी ठेवायचा, एवढीच एक अट वहीच्या पहिल्या पानावर दोघांच्या सह्यांनिशी लिहिली जाते. खाली १४४१६ हा क्रमांक लिहिलेला असतो, दोन भेटींच्या मधल्या रात्रींसाठी.